आयात मालाची लँडेड कॉस्ट: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

समुद्रमार्गे न्हावा शेवा बंदरात माल आणून तो भिवंडी, पुणे किंवा नाशिकच्या गोदामात उतरवणाऱ्या लहान आणि मध्यम आयातदारांना समोर ठेवून ही उत्तरे लिहिली आहेत. सर्व उत्तरांत एकच उदाहरण वापरले आहे. त्यातील शुल्काचे दर, डॉलरचे दर आणि स्थानिक खर्च हिशेब समजावा म्हणून धरलेले आहेत. प्रत्यक्ष मालासाठी त्या मालाच्या एचएसएन या वर्गीकरण क्रमांकाचा त्या दिवशीचा दर पाहावा लागेल.

लँडेड कॉस्ट म्हणजे नेमके काय?

पुरवठादाराला दिलेली किंमत, त्यावर बंदरापर्यंतचे भाडे आणि विमा, सरकारला भरलेले आणि परत न मिळणारे शुल्क, आणि बंदरातून माल सोडवून गोदामात आणेपर्यंतचा खर्च, या सर्वांची बेरीज करून ती त्या खेपेतील प्रत्येक वस्तूवर वाटल्यावर एका नगाची जी किंमत निघते, ती त्या वस्तूची लँडेड कॉस्ट होय. बोलीभाषेत आपण याच अर्थाने ‘माल कितीला पडला’ असे विचारतो. बेरीज करणे फारसे अवघड नसते. चुका होतात त्या वाटणीत, म्हणून पुढील उत्तरांचा बराचसा भाग वाटणीवर खर्च केला आहे.

उदाहरणातील खेप कोणती आहे?

चीनमधील निंगबो बंदरातून वीस फुटी एक कंटेनर एफओबी अटीवर, म्हणजे माल जहाजावर चढेपर्यंतचाच खर्च पुरवठादाराकडे अशा अटीवर, आला आहे, असे धरू. त्यात दोन वस्तू आहेत. पहिली वस्तू म्हणजे पोलादी पान्यांचे ५,००० संच, दर ३ डॉलर, म्हणजे १५,००० डॉलर. दुसरी वस्तू म्हणजे प्लास्टिकच्या २,००० टूलबॉक्स, दर अडीच डॉलर, म्हणजे ५,००० डॉलर. एकूण बीजक २०,००० डॉलरचे आहे. पाने जड असले तरी आटोपशीर असल्यामुळे त्यांनी कंटेनरमध्ये ६ घनमीटर जागा घेतली आहे, तर रिकाम्या टूलबॉक्सनी १८ घनमीटर. म्हणजे पैशाने पाऊण हिस्सा पान्यांचा आणि जागेने पाऊण हिस्सा टूलबॉक्सचा, अशी ही उलटसुलट खेप मुद्दाम निवडली आहे.

समुद्री भाडे १,१५० डॉलर आणि विमा ५० डॉलर आहे. कस्टम्सचा डॉलरचा दर ८५ रुपये धरला आहे. पान्यांवर मूळ सीमाशुल्क १० टक्के, टूलबॉक्सवर १५ टक्के आणि दोन्हींवर आयातीवरचा जीएसटी, म्हणजे आयजीएसटी, १८ टक्के धरला आहे.

कस्टम्स शुल्क कोणत्या रकमेवर लागते?

शुल्क बीजकाच्या रकमेवर लागत नाही. ते भाडे आणि विमा मिळवलेल्या मूल्यावर, म्हणजे सीआयएफ मूल्यावर लागते. आपल्या खेपेत ते २१,२०० डॉलर, म्हणजेच ८५ च्या दराने १८,०२,००० रुपये होते. पूर्वी या रकमेवर बंदरातील हाताळणीपोटी सरसकट १ टक्का चढवला जात असे. २०१७ च्या सप्टेंबरात मूल्यांकन नियमांत दुरुस्ती झाल्यापासून तो चढवला जात नाही. जुन्या एक्सेल पत्रकात ते १ टक्क्याचे सूत्र अजूनही दडलेले असण्याची शक्यता असते, म्हणून एकदा उघडून पाहावे.

बिल ऑफ एंट्रीत, म्हणजे माल सोडवण्यासाठी कस्टम्सकडे दाखल करायच्या कागदात, एकूण भाडे आणि विमा वस्तूंमध्ये त्यांच्या मूल्याच्या प्रमाणात वाटला जातो. त्यामुळे पान्यांचे मूल्य १३,५१,५०० रुपये आणि टूलबॉक्सचे ४,५०,५०० रुपये धरले जाते. पान्यांवर १० टक्के मूळ शुल्क १,३५,१५० रुपये आणि त्या शुल्काच्या १० टक्के समाज कल्याण अधिभार १३,५१५ रुपये, असे १,४८,६६५ रुपये होतात. टूलबॉक्सवर त्याच रीतीने ६७,५७५ आणि ६,७५८, असे ७४,३३३ रुपये होतात. येथे अनेकांची एक चूक होते: अधिभार मालाच्या मूल्यावर नसून मूळ शुल्काच्या रकमेवर असतो, त्यामुळे १० टक्के शुल्काचा प्रत्यक्ष भार ११ टक्के असतो, २० टक्के नव्हे.

मूल्य आणि ही दोन्ही शुल्के मिळून २०,२४,९९८ रुपये होतात आणि त्यावर १८ टक्क्यांनी आयजीएसटी ३,६४,५०० रुपये येतो. एखाद्या मालावर अँटी-डंपिंग शुल्क असेल, तर ते त्याच वस्तूच्या खर्चात घालावे. त्यावर समाज कल्याण अधिभार लागत नाही, मात्र आयजीएसटी काढताना ते आधाररकमेत धरले जाते.

भाड्याची पावती वेळेवर मिळाली नाही तर काय होते?

भाडे निश्चित करता येत नसेल तर नियमाप्रमाणे ते एफओबी मूल्याच्या २० टक्के धरले जाते आणि विमा निश्चित करता येत नसेल तर १.१२५ टक्के. आपल्या खेपेत याचा अर्थ भाडे १,१५० ऐवजी ४,००० डॉलर आणि विमा ५० ऐवजी २२५ डॉलर. शुल्काचे मूल्य १८,०२,००० वरून २०,५९,१२५ रुपयांवर जाते आणि परत न मिळणारे शुल्क सुमारे ३१,८०० रुपयांनी वाढते. फॉरवर्डरकडून, म्हणजे जहाजाची वाहतूक ठरवून देणाऱ्या मध्यस्थाकडून, भाड्याचे प्रमाणपत्र आणि विमा कंपनीकडून पॉलिसी या दोन कागदांची ही किंमत आहे. बिल ऑफ एंट्रीचा मसुदा तपासताना भाडे आणि विम्याचे रकाने सर्वांत आधी पाहावेत, कारण तेथे नेमके २०.०० किंवा १.१२५ असे आकडे दिसले तर कागद पोहोचलेले नाहीत हे लगेच कळते.

आयजीएसटी लँडेड कॉस्टमध्ये धरावा का?

नियमित जीएसटी नोंदणी असलेल्या आणि करपात्र विक्री करणाऱ्या व्यापाऱ्याने धरू नये. लेखामानक एएस २ आणि इंड एएस २ दोन्ही हेच सांगतात की, कर खात्याकडून परत मिळणारे कर मालाच्या किमतीत धरायचे नाहीत. आयजीएसटीचे क्रेडिट बिल ऑफ एंट्रीवरून मिळते आणि त्याची नोंद जीएसटीआर-२बी मध्ये दिसते. क्लिअरिंग एजंट, शिपिंग लाइन, सीएफएस म्हणजे बंदराजवळचे कंटेनर हाताळणीचे आवार, आणि वाहतूकदार यांच्या बिलांवरील जीएसटीचे क्रेडिट मिळत असेल, तर तोही बाजूला ठेवावा.

परंतु क्रेडिट मिळत नसेल तर तोच कर खर्च होतो. कंपोझिशन योजनेतील व्यापारी, करमुक्त मालाचा विक्रेता आणि ज्याच्या नावावर बिल ऑफ एंट्रीच नाही असा खरेदीदार, या तिघांनीही तो किमतीत धरलाच पाहिजे. किलोमागे ठरावीक दर घेऊन ‘सगळे आमच्याकडे’ असे सांगणाऱ्यांकडून माल आणणाऱ्यांना हे उशिरा लक्षात येते. दर स्वस्त वाटतो, पण माल दुसऱ्याच्या नावावर सोडवलेला असल्याने क्रेडिट नाही आणि कागदही नाही.

डॉलरचा कोणता दर वापरावा?

एका खेपेत किमान तीन दर भेटतात. कस्टम्सने जाहीर केलेला दर फक्त शुल्क काढण्यासाठी असतो आणि बिल ऑफ एंट्री दाखल करण्याच्या दिवशी जो लागू असेल तो धरला जातो. फॉरवर्डर आपले डॉलरमधील भाडे रुपयांत बदलताना स्वतःचा दर लावतो आणि तो बहुधा बाजारापेक्षा चढा असतो. आपल्या खेपेत त्याने ८६ लावला आहे, म्हणून १,१५० डॉलरचे बिल ९८,९०० रुपयांचे आले. तिसरा दर खरेदीच्या नोंदीचा. माल आपल्या मालकीचा ज्या दिवशी झाला, त्या दिवशीच्या बाजारदराने बीजकाची नोंद होते. एफओबी अटीत हा दिवस साधारणपणे माल जहाजावर चढण्याचा, म्हणजे बिल ऑफ लेडिंगच्या आसपासचा असतो. तो दर आपण ८४ धरला आहे.

मालाची किंमत ८४ ने, शुल्क बिल ऑफ एंट्रीवरील प्रत्यक्ष रुपयांनी आणि भाडे बिलावरील प्रत्यक्ष रुपयांनी घ्यावे. संपूर्ण बीजक कस्टम्सच्या ८५ ने बदलून घेण्याची सवय फार पसरलेली आहे. आपल्या खेपेत तेवढ्याने किंमत २०,००० रुपयांनी फुगली असती. पुढे पुरवठादाराला पैसे पाठवताना बँकेने ८४.७० लावला, तर तो वरचा ७० पैशांचा फरक विनिमय तोटा म्हणून नफातोटा पत्रकात जातो. मालाची किंमत मागे जाऊन बदलायची नसते. आगाऊ रक्कम पाठवली असेल, तर इंड एएस लागू असलेल्या कंपन्यांनी तेवढा भाग आगाऊ रक्कम दिल्या दिवशीच्या दराने धरावा.

बंदरावरील कोणते खर्च धरावेत आणि कोणते नाहीत?

शिपिंग लाइनचे टर्मिनल हाताळणी व डिलिव्हरी ऑर्डरचे आकार, सीएफएसची हाताळणी, क्लिअरिंग एजंटची फी, गोदामापर्यंतचा ट्रेलर आणि उतरवण्याची हमाली हे सर्व धरावे. आपल्या खेपेत जीएसटी सोडून हे अनुक्रमे १८,००० रुपये, १६,००० रुपये, ९,००० रुपये, १५,००० रुपये आणि ४,००० रुपये, असे ६२,००० रुपये मानू. माल गोदामात पोहोचल्यानंतरचे भाडे, विक्रीचा खर्च आणि ग्राहकापर्यंतची वाहतूक यांना येथे जागा नाही.

प्रश्न उरतो तो उशिराच्या आकारांचा. मोफत मुदत संपल्यावर शिपिंग लाइन कंटेनर अडकल्याबद्दल डिटेन्शन लावते आणि सीएफएस जागेबद्दल भाडे लावते. व्यवहारात दोन्हींना सर्रास ‘डॅमरेज’ म्हटले जाते. बिल ऑफ एंट्री उशिरा दाखल केल्यास कस्टम्स पहिले तीन दिवस दररोज ५,००० रुपये आणि त्यानंतर दररोज १०,००० रुपये आकारते. कागद अपुरे पडले, पैसे जमले नाहीत, अशा कारणांनी आलेले हे आकार असाधारण खर्च आहेत आणि ते त्या महिन्याच्या खर्चात टाकावेत. मालाच्या किमतीत घातले, तर तोटा गोदामात साठून राहतो आणि पुढच्या वेळी दर ठरवताना तोच फुगलेला आकडा आधार होतो. दर खेपेला दोनतीन दिवसांचे सीएफएस भाडे ठरलेलेच असेल, तर मात्र ते त्या मार्गाचे नेहमीचे भाडे मानून किमतीत धरण्यास माझी हरकत नाही, पण नियम एकदा लिहून ठेवावा आणि प्रत्येक खेपेला तोच पाळावा.

एकूण खर्च वस्तूंवर कसा वाटावा?

ज्या कारणाने खर्च झाला, त्या मापाने वाटावा. शुल्क तर वाटायचेच नसते. बिल ऑफ एंट्रीत ते वस्तूनिहाय छापलेले असते, तेथून उचलावे. एकूण शुल्क मूल्याच्या प्रमाणात वाटले, तर १० टक्क्यांच्या पान्यांवर १५ टक्क्यांच्या टूलबॉक्सचा भार पडतो. विमा मूल्यावर ठरतो, म्हणून तो मूल्याने वाटावा. कंटेनरचे भाडे जागेसाठी दिलेले असते, म्हणून ते घनमीटरने वाटावे. माल इतका जड असेल की कंटेनर जागेने न भरता वजनाच्या मर्यादेने भरतो, तर वजनाने वाटावे. सुट्या मालाच्या, म्हणजे एलसीएल खेपेत फॉरवर्डर घनमीटर आणि टन यांपैकी जो आकडा मोठा असेल त्यावर आकारणी करतो. तेथे बिलावरील माप तेच वाटणीचे माप घ्यावे.

आपल्या खेपेत भाडे ९८,९०० रुपये आणि स्थानिक खर्च ६२,००० रुपये, असे १,६०,९०० रुपये घनमीटरने वाटले. ट्रेलर, हाताळणी आणि हमाली ही जागेशी जोडलेली आहे. एजंटची फी तशी नसली तरी रक्कम लहान असल्याने ती वेगळी काढली नाही. पान्यांच्या वाट्याला ४०,२२५ रुपये आणि टूलबॉक्सच्या वाट्याला १,२०,६७५ रुपये आले. विम्याचे प्रत्यक्ष ४,२५० रुपये मूल्याने वाटले असता ३,१८८ रुपये आणि १,०६२ रुपये झाले.

आता पान्यांची बेरीज अशी होते: माल १२,६०,००० रुपये, शुल्क १,४८,६६५ रुपये, विमा ३,१८८ रुपये, भाडे व स्थानिक खर्च ४०,२२५ रुपये, एकूण १४,५२,०७८ रुपये, म्हणजे संचामागे २९०.४२ रुपये. टूलबॉक्सची बेरीज: माल ४,२०,००० रुपये, शुल्क ७४,३३३ रुपये, विमा १,०६२ रुपये, भाडे व स्थानिक खर्च १,२०,६७५ रुपये, एकूण ६,१६,०७० रुपये, म्हणजे नगामागे ३०८.०४ रुपये.

सर्व काही मूल्याच्या प्रमाणात वाटले तर काय बिघडते?

तेच १,६०,९०० रुपये मूल्याने वाटून पाहू. पान्यांचा संच ३०६.५१ रुपयांना आणि टूलबॉक्स २६७.८१ रुपयांना पडल्याचे दिसेल. खेपेची एकूण रक्कम तीच राहते, त्यामुळे ताळेबंदात काहीही खटकत नाही. पण टूलबॉक्स ३०० रुपयांना विकणाऱ्याला वाटते की नगामागे ३२ रुपये सुटले, आणि प्रत्यक्षात तो ८ रुपये गमावत असतो. उलट पान्यांच्या बाबतीत तो विनाकारण १६ रुपये महाग राहतो आणि शेजारच्या दुकानदाराला गिऱ्हाईक देतो. अशा दुकानात टूलबॉक्स झपाट्याने संपतात, पाने पडून राहतात, आणि मालक पुढच्या कंटेनरमध्ये टूलबॉक्सच वाढवून मागवतो. हलका, फुगीर माल अपेक्षेपेक्षा भराभर खपू लागला, तर वाटणीचे माप तपासावे.

‘डॉलर कितीला पडला’ हा व्यापारी हिशेब चुकीचा आहे का?

एकच वस्तू असलेल्या कंटेनरसाठी तो उत्तम आहे. आपल्या खेपेत एकूण २०,६८,१४८ रुपयांना २०,००० डॉलरने भागले, तर डॉलर १०३.४१ रुपयांना पडला. या आकड्याने दोन खेपांची तुलना करता येते आणि एखादी खेप अचानक १०८ वर गेली तर कुठेतरी जादा आकार लागला हे चटकन कळते. मात्र मिश्र कंटेनरमधील वस्तूचा दर त्याने काढू नये. टूलबॉक्सचा अडीच डॉलर गुणिले १०३.४१ म्हणजे २५८.५३ रुपये येतो, जो खऱ्या किमतीपेक्षा जवळपास ५० रुपयांनी कमी आहे. कोणी आपला डॉलर १२१ ला पडल्याचे सांगितले, तर त्याने आयजीएसटी धरला आहे का, हे आधी विचारावे.

सीआयएफ दरात माल घेतला तर हिशेब सोपा होतो का?

कागदावर सोपा होतो, कारण भाडे बीजकातच असते. पण भाडे पुरवठादाराने ठरवलेल्या फॉरवर्डरकडून गेलेले असते आणि त्याचा इथला प्रतिनिधी डिलिव्हरी ऑर्डर देताना स्थानिक आकार लावतो. एलसीएल खेपेत चीनकडील भाडे नाममात्र, कधी शून्यसुद्धा, दाखवलेले असते आणि वसुली न्हावा शेव्यात होते. माल तर त्याच्याच ताब्यात असतो, त्यामुळे घासाघीस करण्यास वाव राहत नाही. सीआयएफ स्वीकारण्यापूर्वी गंतव्य बंदरावरील आकारांची लेखी यादी घनमीटरमागील दरासह मागवावी आणि ती आल्यावरच एफओबीशी तुलना करावी.

काही माल फुटला किंवा कमी आला तर?

नेहमीची तूट चांगल्या नगांवर बसते. २,००० पैकी ६० टूलबॉक्स तडकलेल्या निघाल्या आणि एवढी फूट दर खेपेला होत असेल, तर ६,१६,०७० रुपयांना १,९४० ने भागावे. किंमत ३०८.०४ वरून ३१७.५६ रुपयांवर जाते. कंटेनरमध्ये पाणी शिरून ४०० नग गेले असतील तर ती असाधारण हानी आहे. त्या ४०० नगांची किंमत खर्चात टाकावी, विम्याचा दावा वेगळा दाखवावा आणि उरलेल्यांचा दर ३०८.०४ रुपयेच ठेवावा.

बिले माल विकला गेल्यानंतर आली तर किंमत कशी दुरुस्त करावी?

ही अडचण जवळजवळ प्रत्येक खेपेत येते, कारण माल दोन दिवसांत विक्रीला लागतो आणि सीएफएस किंवा एजंटचे अंतिम बिल दोनतीन आठवड्यांनी येते. माल गोदामात घेतानाच मागील खेपेच्या आधारे खर्चाचा अंदाज बांधून तरतूद करावी आणि बिल आल्यावर फक्त फरकाची नोंद करावी. समजा, बिल अंदाजापेक्षा ८,००० रुपयांनी जास्त आले. टूलबॉक्सचा वाटा ६,००० रुपये. २,००० पैकी १,२०० विकल्या गेल्या असतील, तर ३,६०० रुपये विकलेल्या मालाच्या खर्चात आणि २,४०० रुपये शिल्लक साठ्यात जातात. पान्यांच्या २,००० रुपयांचेही तसेच करावे.

सॉफ्टवेअरमध्ये हे कसे बसवावे?

टॅलीमध्ये खरेदीच्या बीजकातील जादा खर्च संख्येने किंवा मूल्याने वाटण्याची सोय आहे. घनमीटरची वाटणी बाहेर करून आकडे वस्तूनिहाय भरावे लागतात. ईआरपीनेक्स्टमध्ये माल जमा केल्यावर `Landed Cost Voucher` करतात आणि त्यातील `Distribute Charges Based On` या रकान्यात `Qty`, `Amount` किंवा `Distribute Manually` निवडता येते. एकाच व्हाउचरमध्ये शुल्क, विमा आणि भाडे एकत्र टाकून `Amount` निवडले की शुल्कही मूल्याने वाटले जाते आणि ‘डॉलर कितीला पडला’ या हिशेबासारखी सुमारे २५८.५० रुपयांची टूलबॉक्स तयार होते. शुल्क व भाड्यासाठी `Distribute Manually` आणि विम्यासाठी `Amount`, अशी वेगवेगळी व्हाउचर केल्यास वाटणी बरोबर बसते. आयजीएसटीची रक्कम या व्हाउचरमध्ये येऊ देऊ नये.

हिशेब बरोबर आहे, हे शेवटी कसे पडताळावे?

वस्तूनिहाय रकमांची बेरीज खेपेच्या सर्व बिलांच्या जीएसटी वगळून केलेल्या बेरजेशी रुपयारुपयाने जुळली पाहिजे. आपल्या खेपेत दोन्ही बाजू २०,६८,१४८ रुपये येतात. त्यानंतर वस्तूनिहाय शुल्काला बिल ऑफ एंट्रीवरील त्या वस्तूच्या मूल्याने भागावे. पान्यांना ११ टक्के आणि टूलबॉक्सना १६.५ टक्के येत असतील तर शुल्क योग्य जागी गेले आहे, आणि दोन्हींना १२.४ च्या आसपास एकसारखा आकडा येत असेल तर ते मूल्याने सरसकट वाटले गेले आहे.